नोटीसचं शेवटचं पान स्कॅनमध्ये नाही? मग या चुका टाळा

माझ्या मावसभावाचं मंडप डेकोरेशनचं काम आहे. परवा रात्री त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ टाकली, खाली मेसेज, "दादा ही चेक बाउन्सची नोटीस बघ, सही पण नाहीये, फेकच दिसतेय ना?" मी वकिलाकडे कारकुनी करतो त्यामुळे घरातल्या असल्या गोष्टी माझ्याच गळ्यात येतात. पीडीएफ उघडली तर पानं दोनच, आणि दुसऱ्या पानाच्या तळाला उजवीकडे बारीक "..3/-" असं टाइप केलेलं. म्हणजे तिसरं पान आहे, फक्त स्कॅनमध्ये आलेलं नाही. शेवटचं वाक्यही "सबब या नोटीसीद्वारे आपणांस कळविण्यात येते की" इथेच तुटलेलं.

आता सही नाही म्हणून फेक, ही पहिली चूक. वकिलाची सही, शिक्का, "स्थळप्रत माझे ऑफिसात ठेवली आहे" हे सगळं शेवटच्या पानावर असतं, त्यामुळे ते पानच नसेल तर सही आहे की नाही याबद्दल काहीच बोलता येत नाही.

दुसरी चूक जरा हुशार माणसंच करतात. भाऊ म्हणाला, "दोन्ही पानं वाचली, चेक बाउन्सचं कलम 138 कुठेच लिहिलेलं नाही, म्हणजे नुसती पैसे मागायची नोटीस आहे, केस वगैरे नाही." अरे पण नोटीसची बांधणीच अशी असते की आधी व्यवहार, मग चेक, मग बँकेने तो परत केल्याचं, आणि कलम 138 चा दम बऱ्याचदा शेवटी. दुसऱ्या पानावर चेक नंबर आणि "फंड्स इनसफिशियंट" हा शेरा आहे, म्हणजे रोख तिकडेच असणार असं मला वाटतं, पण तोही अंदाजच, पान बघितल्याशिवाय मी खात्रीने सांगणार नाही.

रकमेचं तर सगळ्यात जास्त फसतं. पहिल्या पानावर एकूण येणं 2,36,000, दुसऱ्या पानावर चेक 1,80,000 चा. यातले मागितलेत किती? ते मागणीच्या परिच्छेदात, आणि तो गेलेल्या पानावर. 138 च्या नोटीसमध्ये चेकच्या रकमेची मागणी लागते, व्याज आणि नोटीस खर्च वेगळे दाखवून वर मागितले तर सहसा चालतं, पण फोड न करता सगळं एकत्र मागितलं तर बचावाला मुद्दा मिळू शकतो. म्हणून "त्यांनी 2,36,000 मागितलेत, नोटीसच चुकीची आहे" असं भावाने ठरवून टाकणं धोक्याचं, आणि "1,80,000 दिले की विषय संपला" हेही तितकंच. चेकचे पैसे मुदतीत दिले तर 138 चा गुन्हा होत नाही हे खरं, पण उरलेल्या 56,000 चा वाद वेगळा राहू शकतो.

आणि मुदत! चेकचे पैसे द्यायला मिळतात ते 15 दिवस भाऊ मोजत होता पीडीएफच्या तारखेपासून, म्हणजे 11 जून, म्हणून म्हणे 26 पर्यंत वेळ आहे. पण दिवस मोजायचे नोटीस हातात पडल्यापासून, स्कॅन केल्यापासून नाही, नोटीसवरच्या तारखेपासूनही नाही. दुकानातल्या पोराला विचारलं तर त्याने पाकीट 3 जूनला सही करून घेतलं होतं आणि गल्ल्याखाली ठेवून दिलं होतं. 3 तारीख सोडून मोजलं तर 18 जूनला 15 दिवस संपतात, म्हणजे भावाच्या हिशोबापेक्षा आठ दिवस आधी. पाकिटावरचा स्पीड पोस्टचा नंबर पोस्टाच्या साइटवर टाकला की डिलिव्हरीची तारीख कळते, म्हणून पाकीट फेकू नका.

पान शोधायचं कुठे? आधी ओरिजिनल बघा. नोटीस लीगल साइजच्या कागदावर असते आणि स्कॅनर ए4 चा असला तर खालचा भाग कापला जातो, किंवा पान पाठपोट छापलेलं असतं आणि स्कॅन करणारा मागची बाजू उलटतच नाही. समोरच्या वकिलाकडे प्रत मागता येते, पण आपल्या वकिलामार्फतच मागा, कारण त्या पत्रात नोटीस मिळाल्याचं आपण लिहून देत असतो, आणि प्रत मागितली म्हणून 15 दिवस काही थांबत नाहीत. तारीख जवळ आली असेल तर आहे ती दोन पानं घेऊन आपल्या वकिलाकडे जा, फक्त तिसरं नाही हे आधी सांगा, नाहीतर उत्तरात न वाचलेल्या मागणीला "मान्य नाही" जाईल आणि चेकचे पैसे द्यायचे राहून जातील.

भावाचं पान दुसऱ्या दिवशी सापडलं, दुसऱ्या पानाच्याच पाठीवर. मागणी 1,80,000 ची, व्याज खाली वेगळ्या परिच्छेदात, 138 दोनदा, आणि सही निळ्या शाईची चांगली टपोरी.