उपाय झाला म्हणून रिस्क रजिस्टरमधली ओळ बंद करू नका

समजा, जोखमींच्या या नोंदवहीत ७ क्रमांकाची जोखीम आहे: एकमेव पुरवठादाराकडून माल उशिरा येणे. शक्यता ४, परिणाम ४, दोन्हींचा गुणाकार म्हणजे गुण १६. उपाय म्हणून दुसरा पुरवठादार नेमला. आता शक्यता २ वर येते, पण माल अडलाच तर फटका तेवढाच, म्हणून परिणाम ४ च राहतो. उरलेल्या जोखमीचे गुण ८. ते वेगळ्या रकान्यात लिहा, मूळ १६ खोडू नका. आणि करारावर सही होऊन पहिला माल येईपर्यंत ८ लिहूच नका. इथे बहुतेक जण घाई करतात.

दोन्ही पुरवठादारांच्या मालात फरक निघण्याची जोखीम मात्र या उपायातूनच जन्मली. या दुय्यम जोखमीला नवी ओळ, स्वतंत्र जबाबदार व्यक्ती आणि ‘उगम: ७’ अशी नोंद द्या. उपाय बदलला, की उगमाच्या रकान्यात ७ शोधून त्या ओळीही तपासा.