नकारात्मक कमेंटवरून आपोआप तिकीट: या चुका टाळा

फेसबुक पेजवरच्या कमेंटमधून हेल्पडेस्कमध्ये आपोआप तिकीट उघडायचं, हे काम वरवर पाहिलं तर एका दुपारचं वाटतं. नवी कमेंट आली की आपल्या प्रोग्रामला कळवणारा वेबहूक जोडा, वाईट शब्दांची यादी टाका, तिकीट उघडणारी एपीआय कॉल करा, झालं. अशी घाईत उभारलेली यंत्रणा पहिल्या आठवड्यात भरपूर तिकिटं दाखवते आणि मालक खूश होतो. मग महिनाभराने कळतं की खऱ्या तक्रारी भलतीकडेच राहिल्या. चुका त्याच त्या असतात, म्हणून इथे लिहून ठेवतो. उदाहरण म्हणून जळगाव जिल्ह्यातला ठिबकचं साहित्य विकणारा एखादा विक्रेता घेऊ. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातले केळीवाले त्याचे गिऱ्हाईक. एप्रिल-मे महिन्यात त्याच्याकडे तक्रार पडून राहिली तर तिकडे बागेला पाणी कमी पडतं.

वाईट शब्द शोधणं म्हणजे तक्रार शोधणं नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. पेजवर येणाऱ्या या चार कमेंट बघा:

"पंधरा दिन व्हयनात, फिल्टर उना नही. फोन बी उचलतस नही."
"खूप छान सेवा 👏 पैसे घेतले, माल मात्र अजून रस्त्यातच."
"kadhi yenar dripper, order deun 10 divas zale"
"केळीला भाव नाही, व्यापारी लुटतात नुसते."

पहिल्या तीन तक्रारी आहेत, चौथी नाही. शब्दांची यादी किंवा इंग्रजीवर बेतलेलं भावनेचं गुणांकन वापरलं तर निकाल जवळपास उलटा लागतो. "लुटतात" शब्दामुळे चौथीवर तिकीट उघडतं. दुसरीत "छान" आणि टाळ्या असल्यामुळे ती कौतुकात जाते. तिसरी रोमन लिपीत आहे आणि नुसता प्रश्न आहे, ती कोणत्याच खणात बसत नाही. पहिली अहिराणीत आहे. "उना नही" म्हणजे "आला नाही", हे यादी करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोक्यातही येत नाही. खान्देशात माणूस चिडला की आपसूक अहिराणीवर येतो. म्हणजे सगळ्यात चिडलेलं गिऱ्हाईकच यंत्रणेतून निसटतं.

यावर उपाय आधी प्रश्न बदलण्याचा आहे. "ही कमेंट नकारात्मक आहे का?" असं न विचारता "यावर आपल्यापैकी कोणाला काही करावं लागणार आहे का?" असं विचारा. कमेंटचे तीन खण करा: तिकीट उघडा, माणसाने बघा, सोडून द्या. मधला खण टाळण्याचा मोह नवशिक्यांना फार होतो, कारण तो असला की यंत्रणा "पूर्ण ऑटोमॅटिक" म्हणता येत नाही. तो ठेवाच. दुकानातल्या माणसाला रोज सकाळी तेवढी यादी चाळायला फार वेळ लागत नाही.

नियम लिहा किंवा मॉडेल वापरा, चाचणी मात्र स्वतःच्या पेजवरच्या जुन्या कमेंटवरच घ्या. दोनशे-तीनशे कमेंट वहीत किंवा शीटमध्ये काढा. दोन माणसांनी एकमेकांचं न बघता त्यांवर खुणा करायच्या, आणि त्यातला एक तरी अहिराणी बोलणारा हवा. मग यंत्रणेचा निकाल त्या खुणांशी ताडा आणि दोन आकडे वेगळे मोजा: किती तक्रारी सुटल्या आणि किती तिकिटं फुकट उघडली. एकत्रित "नव्वद टक्के बरोबर" या आकड्यावर कधीच विसंबू नका. बहुतेक कमेंट "छान" आणि "भाव काय?" अशा असतात, त्यामुळे एकही तक्रार न पकडणारी यंत्रणासुद्धा तो आकडा गाठते. फुकट तिकीट एका क्लिकने बंद होतं, सुटलेली तक्रार परत हाती लागत नाही. म्हणून झुकतं माप तिकीट उघडण्याच्या बाजूने द्या.

इथेच एक तांत्रिक खड्डाही आहे, आणि त्यात पायथॉनवाले हटकून पडतात. पायथॉनच्या नेहमीच्या `re` मध्ये `\w` ला काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं वाटत नाहीत:

```python
re.findall(r'\w+', 'नाही')   # ['न', 'ह']
re.findall(r'[\u0900-\u0963\u0966-\u097F]+', 'नाही')   # ['नाही']
```

पहिल्या ओळीने शब्द तोडले की "नाही" यादीत असूनही कधीच सापडत नाही, आणि कुठे एरर येत नाही म्हणून महिनोन्महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या ओळीतला पट्टा वापरा, रोमन कमेंटसाठी त्याला `A-Za-z0-9` जोडा. त्यात दंड मुद्दाम वगळला आहे, नाहीतर "नाही।" हा वेगळा शब्द ठरतो. शब्द तोडण्याआधी मजकूर `unicodedata.normalize('NFC', s)` मधून काढा आणि U+200C, U+200D ही न दिसणारी अक्षरं काढून टाका. मोबाईलच्या कीबोर्डवरून ती सर्रास येतात.

उत्तर दिलं म्हणजे तक्रार मिटली असं धरणं

ही दुसरी चूक, आणि ती जास्त चीड आणणारी आहे, कारण ती आळसातून होते. वरच्या फिल्टरवाल्या कमेंटचंच पुढे काय होतं ते बघा. तिकीट उघडलं. दुकानातल्या मुलाने कमेंटखाली "क्षमस्व, आपला नंबर इनबॉक्समध्ये पाठवा" असं लिहिलं आणि त्याच बटणाने तिकीट "सोडवलं" करून टाकलं. बऱ्याच हेल्पडेस्कमध्ये उत्तर पाठवणं आणि तिकीट सोडवणं हे एकाच क्लिकमध्ये होतं, आणि तोच शॉर्टकट सगळ्यांच्या हाताला लागतो. शेतकऱ्याने नंबर पाठवला आणि त्याच कमेंटखाली लिहिलं, "नंबर दिधा, आते काय?" या ओळीत तक्रारीचा एकही शब्द नाही, म्हणून यंत्रणेने ती सोडून दिली. जुनं तिकीट बंद, नवीन उघडलं नाही. अहवालात ही तक्रार वीस मिनिटांत मिटलेली दिसते आणि फिल्टर अजून गोदामातच असतो.

हे टाळण्याचा नियम सोपा आहे. तिकीट उघडलेल्या कमेंटच्या धाग्यात त्याच माणसाने पुढे काहीही लिहिलं, तरी ते न तपासता थेट त्या तिकिटाला जोडायचं. तिकीट सोडवलेलं असेल तर ते पुन्हा उघडायचं. फेसबुकच्या वेबहूकमध्ये `comment_id` सोबत `parent_id` येतो, तो जपून ठेवा, धागा त्यावरूनच जुळतो. तोच माणूस चिडून वेगळ्या पोस्टखाली लिहितो तेव्हा लिहिणाऱ्याच्या आयडीवरून उघडं तिकीट शोधा आणि कमेंट तिथे टाका. एका माणसाची एकच अडचण पाच तिकिटांत विखुरली की पाच जण त्याला पाच वेगवेगळी उत्तरं देतात.

खऱ्या तक्रारीचं तिकीट बंद करायची कारणं दोनच ठेवा: गिऱ्हाईकाने "झालं" म्हटलं, किंवा काम केल्याची नोंद झाली आणि त्यानंतर सात दिवस त्याच्याकडून काही आलं नाही. दुसऱ्या कारणात "काम केल्याची नोंद" म्हणजे पार्सलचा नंबर, जोडणीचा फोटो किंवा पैसे परत केल्याची तारीख. "फोन केला होता" ही नोंद नव्हे. झेनडेस्क हे हेल्पडेस्क वापरत असाल तर "सोल्व्ह्ड" आणि "क्लोज्ड" मधला फरक पक्का डोक्यात ठेवा. सोल्व्ह्ड तिकीट परत उघडतं, क्लोज्ड कधीच उघडत नाही, त्यावर उत्तर आलं तर नवीन फॉलो-अप तिकीट बनतं. ते जुन्याशी जोडलेलं दिसतं, पण तुमच्या स्वतःच्या तक्त्यात जुना नंबर राहून गेला तर पुढची कमेंट मेलेल्या तिकिटाकडे जाते.

इनबॉक्सचं एक बंधनही लक्षात ठेवा. पेजला एका कमेंटवर एकच खाजगी उत्तर एपीआयमधून पाठवता येतं, आणि तेही कमेंट आल्यापासून सात दिवसांच्या आत. ते एक उत्तर "नमस्कार, आम्ही लवकरच संपर्क करू" यात वाया घालवू नका. त्यातच तिकीट नंबर सांगा आणि ऑर्डर नंबर, गाव व मोबाईल मागा. मोबाईल नंबर उघड्या कमेंटमध्ये कधीही मागू नका.

"पेंडिंग" ही आणखी एक पळवाट. माल कंपनीकडून यायचा आहे म्हणून तिकीट पेंडिंगमध्ये टाकलं की घड्याळ थांबतं आणि तिकीट विस्मरणात जातं. पेंडिंग करताना पुढची तारीख सक्तीची करा, त्या तारखेला तिकीट आपोआप उघड्या यादीत परत आलं पाहिजे.

एकाच कमेंटची दोन तिकिटं

वेबहूकला वेळेत "निरोप मिळाला" या अर्थाचं 200 उत्तर मिळालं नाही तर फेसबुक तोच निरोप पुन्हा पाठवतं. तिकीट उघडेपर्यंत थांबून मग 200 देणाऱ्याकडे एका कमेंटची तीन तिकिटं झालेली दिसतील. आधी नोंद करा, लगेच 200 द्या, तिकीट नंतर उघडा.

```sql
CREATE TABLE comments (
  comment_id TEXT PRIMARY KEY,
  parent_id TEXT, author_id TEXT, body TEXT,
  state TEXT DEFAULT 'pending',
  ticket_id TEXT
);
INSERT INTO comments (comment_id, parent_id, author_id, body)
VALUES (?, ?, ?, ?) ON CONFLICT (comment_id) DO NOTHING;
```

ओळ नव्याने पडली तरच पुढे जायचं. दर पाच-दहा मिनिटांनी चालणारं एक काम या तक्त्यातल्या अजून न हाताळलेल्या `pending` ओळी उचलेल, म्हणजे हेल्पडेस्क बंद असताना आलेली कमेंटही हरवत नाही. तिकिटातही `comment_id` लिहा. तिकीट उघडलं पण नंबर तक्त्यात लिहायच्या आत प्रोग्राम पडला, तर परत उघडण्याआधी तो शोधता येतो.

उरलेल्या छोट्या चुका

पेजचीच उत्तरं वेबहूकमधून परत येतात. लिहिणारा पेजच असेल तर ती गाळा, नाहीतर "आपली तक्रार नोंदवली" या तुमच्याच आपोआप उत्तरातला "तक्रार" शब्द पकडून यंत्रणा स्वतःशीच तिकिटं उघडत बसते.

वेबहूकच्या `verb` मध्ये `remove` आलं म्हणून तिकीट बंद करू नका. माणसं शरमेने किंवा घरच्यांच्या सांगण्यावरून कमेंट काढतात, पण फिल्टर तरी आलेला नसतोच. कमेंटचा मूळ मजकूर तिकिटात उतरवून ठेवा, नुसती लिंक ठेवली तर कमेंट काढल्यावर तिकीट रिकामं राहतं.

`edited` आलं तर त्या कमेंटच्या ओळीतला `body` बदला आणि मजकूर पुन्हा तपासा. "छान आहे" लिहिलेल्या कमेंटमध्ये दोन दिवसांनी "ड्रीपर चोक झाले" जोडलेलं सापडतं.

तिकिटाचा विषय "नकारात्मक कमेंट" असा ठेवू नका. कमेंटचे पहिले सात-आठ शब्द टाका, म्हणजे यादी बघताच कोणाचं काय अडलंय ते कळतं. आणि प्रत्येक तिकीट नावानिशी एका माणसाच्या अंगावर टाका. "सपोर्ट टीम" ला दिलेलं तिकीट रोज सगळे बघतात आणि उचलत कोणी नाही.