डॅशबोर्ड हिरवा, तरी लिंक तुटत होती

दुपारी एका मशीनचा पीएलसी, म्हणजे ते चालवणारा नियंत्रक, नेटवर्कवरून काही सेकंद गायब व्हायचा, पण डॅशबोर्डवर स्विचचा पोर्ट कायम हिरवा. चूक माझीच होती. मी एसएनएमपीने स्विचला दर मिनिटाला फक्त `ifOperStatus`, म्हणजे लिंक आत्ता चालू आहे का, एवढंच विचारत होतो, आणि लिंक तेवढ्यात पडून परत उठलेली असायची. ट्रॅप, म्हणजे स्विच स्वतःहून पाठवतो ते इशारे, चालू होते, पण ते यूडीपीवर येतात. वाटेत हरवले तर कळतही नाही.

मग त्या फायबर पोर्टसाठी हे दोन वाढवले:

```
IF-MIB::ifLastChange.9
IF-MIB::ifInErrors.9
```

पहिल्याची किंमत बदलली की मधल्या वेळात लिंकची स्थिती बदलली, हे नक्की. (स्विच रीस्टार्ट झाला तरी ती बदलते, म्हणून `sysUpTime` सोबत पाहा.) दुसरा आकडा चढतच जातो, म्हणून त्यावर थेट अलार्म न लावता दोन वाचनांतला फरक घेतला.

तापमानाचा ओआयडी, म्हणजे ते विचारण्याचा क्रमांक, मात्र स्विच बनवणाऱ्याच्या स्वतःच्या एमआयबीत, म्हणजे अशा क्रमांकांच्या यादीत, शोधावा लागला. तो आलेख एररच्या आलेखाखाली ठेवला आणि कोडं सुटलं: स्विच असलेला पॅनल तापला की आधी एरर वाढायचे, मग लिंक पडायची. स्विच औद्योगिक, पण त्यात बसवलेला, फायबर जोडणारा एसएफपी मात्र 0 ते 70 अंशांचा साधा! −40 ते 85 अंशांचा बसवल्यावर एररचा आलेख सपाट झाला.