टू-फॅक्टर चालू असूनही खातं का जातं? या चुका टाळा

एखाद्या साइटवरून तुमचा पासवर्ड फुटला आणि तोच तुम्ही ईमेललाही ठेवलेला असेल, तर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा पुरावा, तुम्हाला खरोखर वाचवतं. चोराकडे पासवर्ड असतो, पण तुमच्या फोनवरचा कोड नसतो. मात्र तो कोड तुम्हीच चुकीच्या पानावर टाकलात, तर हे संरक्षण संपतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘कोड मागितला, म्हणजे पान खरंच असणार’ असं धरून चालणं. समजा, ‘मेलबॉक्स भरला आहे, लॉगिन करा’ असा मेल आला. लिंकवरचं पान हुबेहूब दिसतं, कारण चोराचा सर्व्हर मध्ये बसून खऱ्या साइटचंच पान तुम्हाला दाखवत असतो. तुम्ही टाकलेला पासवर्ड तो लगेच पुढे पाठवतो. खरी साइट कोड मागते, ती मागणीही तुमच्यापर्यंत येते. ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड साधारण दर 30 सेकंदांनी बदलतो, पण पुढे ढकलायला तेवढा वेळ भरपूर झाला. लॉगिन होतं आणि खरी साइट सेशन कुकी देते, म्हणजे हा ब्राउझर आधीच लॉगिन झालेला आहे हे सांगणारी छोटी नोंद. ती चोराकडे राहते. तिची मुदत असेपर्यंत त्याला बहुतेक वेळा ना पासवर्ड लागतो ना कोड. Evilginx हे साधन नेमकं असंच चालतं.

एसएमएस सोडून ॲप वापरलं तर सिम स्वॅपचा, म्हणजे चोराने तुमचा नंबर स्वतःच्या सिमवर वळवून घेण्याचा, धोका टळतो, पण मधल्या सर्व्हरचा हा हल्ला टळत नाही. ओळखायची खूण ॲड्रेस बारमध्ये असते. पासवर्ड मॅनेजर नेहमीसारखा आपोआप पासवर्ड भरत नसेल, तर तिथेच थांबा आणि डोमेन अक्षर-अक्षर वाचा. हाताने कॉपी-पेस्ट करून पुढे जाऊ नका. मॅनेजर बहुधा बरोबर असतो.

आपण लॉगिन करत नसताना ‘अप्रूव्ह’ची विनंती आली, तर पासवर्ड बहुधा आधीच फुटलेला आहे. 2022 मध्ये उबरच्या एका कंत्राटदाराला अशा विनंत्या वारंवार आल्या, शेवटी त्याने एक मंजूर केली आणि हल्लेखोर आत शिरला. नाकारा आणि पासवर्ड बदला.

खातं गेल्यावर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, नाहीतर चोरलेली कुकी चालू राहू शकते. मग टू-फॅक्टरच्या यादीत अनोळखी फोन जोडलेला आहे का ते पाहा, बॅकअप कोड नव्याने काढा. ईमेल खातं असेल तर फॉरवर्डिंगचे नियम जरूर तपासा. तिथे चोराचा पत्ता राहिला, तर तुमचे पुढचे मेल त्याला मिळतच राहतात.

मधल्या सर्व्हरवर खरा उतारा म्हणजे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी तुमच्या डिव्हाइसमध्ये ठेवलेली डिजिटल किल्ली, किंवा सिक्युरिटी की, म्हणजे तेच काम करणारं छोटं वेगळं उपकरण. ती खऱ्या डोमेनशी बांधलेली असते, नकली पत्त्यावर ब्राउझर ती वापरूच देत नाही. पण संगणकात मालवेअर असेल तर तो कुकी थेट उचलतो, तिथे पासकीचाही इलाज चालत नाही. शिवाय पासकी लावूनही ‘दुसऱ्या मार्गाने लॉगिन’मध्ये एसएमएस सुरूच असेल, तर चोर तुम्हाला त्याच वाटेने नेईल. साइट परवानगी देत असेल, तर तो पर्याय बंद करा. त्याआधी दुसरी की जोडून ठेवा.