हार्ट फेल्युअरचा पेशंट घरी असेल तर या चुका टाळा

हृदयरोग ओपीडीत मी सिस्टर आहे. डिस्चार्जच्या वेळी पेशंटला आणि घरच्यांना वजन, मीठ, पाणी आणि फोन या चार गोष्टी समजावून सांगणं हे माझं काम आहे. त्यातलेच काही पेशंट तीन-चार आठवड्यांत धाप लागून परत येतात. कारण विचारलं की बहुतेक वेळा खालीलपैकीच एखादी चूक निघते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते, त्यामुळे किडनीला वाटतं की अंगात पाणीच कमी आहे, आणि ती मीठ-पाणी धरून ठेवायला लागते. ते पाणी पायांत, पोटात आणि शेवटी फुप्फुसांत साचतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पायावरची सूज डोळ्यांना दिसेपर्यंत बऱ्याचदा दोन-तीन लिटर साचलेलं असतं. काटा ते आधी दाखवतो, म्हणून मी वजनाचा इतका आग्रह धरते.

चूक पहिली: आजचं वजन फक्त कालच्या वजनाशी ताडून पाहणं

वजन न करणारे पेशंट असतातच. पण रोज इमानदारीने वजन करूनही फसलेले पाहिले की मला जास्त वाईट वाटतं. निवृत्त मास्तर असलेल्या एका काकांची गोष्ट सांगते. डिस्चार्जनंतर त्यांचं वजन ६१.५ किलोवर स्थिर होतं. अंगात जादा पाणी नसतानाचं हे वजन, आम्ही त्याला ‘कोरडं वजन’ म्हणतो. घरात पुतणीचं लग्न होतं. रविवारी ६१.५, सोमवारी ६२.१, मंगळवारी ६२.८, बुधवारी ६३.६. सगळे आकडे वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेले. काकू रोज विचारायच्या आणि काका रोज सांगायचे, “कालच्यापेक्षा अर्धा-पाऊण किलोच जास्त आहे, लग्नाचं जेवण आहे ते.” शुक्रवारी रात्री त्यांना आडवं होता येईना. पलंगावर पाय खाली सोडून, समोरच्या टेबलावर हात टेकून ते बसून राहिले, आणि पहाटे कॅज्युअल्टीत आले. आमच्या काट्यावर वजन ६५ च्या वर होतं. शिरेतून लघवीची औषधं, ऑक्सिजन आणि पाच दिवसांची भरती.

वही पाहिली तर उत्तर बुधवारीच लिहिलेलं होतं: ६३.६ वजा ६१.५, म्हणजे तीन दिवसांत २.१ किलो. त्या दिवशी फोन आला असता तर डॉक्टरांनी कदाचित लघवीची गोळी दोन-तीन दिवस वाढवून ओपीडीत बोलावलं असतं. मूळ कारणही चौकशीत निघालं. लग्नाच्या धावपळीत गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली होती, आणि पंगतीत लोणचं, पापड, मठ्ठा चालूच होता. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा जोर कमी करतात. हार्ट फेल्युअरच्या पेशंटने त्या स्वतःच्या मनाने घ्यायच्याच नाहीत. मेडिकलवाल्याला आजार सांगितल्याशिवाय कुठलीही गोळी मागू नका.

म्हणून मी सगळ्यांना एकच पद्धत लावून देते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याच्या डोक्यावर लाल पेनाने कोरडं वजन लिहायचं आणि रोजच्या चौकोनात त्या दिवसाचं. आजचा आकडा कालच्याशी तर ताडायचाच, पण तीन दिवसांपूर्वीच्या आकड्याशी आणि लाल आकड्याशीही ताडायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढले की फोन करायचा. एका दिवसात एक-दीड किलोची उडी असली तरीही करायचा. तुमच्या डॉक्टरांनी फाईलवर यापेक्षा कडक आकडा लिहिला असेल तर तोच खरा. वही मला आवडत नाही, कारण ती कपाटात जाते. कॅलेंडर घरातल्या सगळ्यांना दिसतं आणि सून-नातवंडंही बोलतात.

वजन करायची वेळ सकाळी उठून शौच-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत. काटा शंभर ग्रॅम दाखवणारा डिजिटल असावा आणि तो फरशीवर ठेवावा. चटईवर ठेवलेला काटा रोज वेगळं सांगतो. म्हातारी माणसं तोल जाईल म्हणून भिंतीला किंवा मुलाच्या खांद्याला हात लावून उभी राहतात. तेवढ्या आधारानेही आकडा खाली येतो. बाजूला खुर्ची ठेवा, धरून चढा आणि आकडा स्थिर होईपर्यंत हात सोडा. तोल राहतच नसेल तर हट्ट करू नका. अशा पेशंटच्या नडगीवर रोज अंगठा दाबून खळगा राहतो का ते पाहायचं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची सूज कमरेच्या मागे, माकडहाडापाशी आधी येते.

लाल आकडा कायमचा नसतो. भूक मंदावून अंगावरचं मांस उतरलं आणि त्या जागी पाणी साचलं, तर काट्यावर काहीच दिसत नाही. वजन जागच्या जागी, पण धाप वाढलेली आणि पायजम्याची नाडी घट्ट होत चाललेली, असं असेल तर काट्यावर विसंबू नका, फोन करा. दर ओपीडीला कोरडं वजन डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या.

चूक दुसरी: “आम्ही वरून मीठ घेत नाही”

हे उत्तर मला रोज मिळतं. ताटात वाढलेलं मीठ थांबवलं हे चांगलंच, पण खरं मीठ आमटी-भाजीत, लोणच्यात, पापडात, फरसाणात, खारी-टोस्ट-पावात आणि कोकणात सुकट-बोंबलांत असतं. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच. पित्तावर घेतात त्या फसफसणाऱ्या पावडरीतही सोडियम असतं.

साधारण सल्ला दिवसाला पाच ग्रॅम मिठाचा असतो, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याला थोडं कमी, आणि यात सगळं आलं. आपण नेमकं किती खातो हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून मी मिठाच्या पुड्यावर फोडल्याची तारीख लिहायला लावते. चौघांच्या घरात प्रत्येकी पाच ग्रॅम म्हटलं तर दिवसाला वीस ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा पन्नास दिवस पुरायला हवा. तो महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय, आणि लोणचं, पापड, फरसाण त्यात धरलेलंच नाही. हा हिशेब दाखवला की स्वयंपाक करणारी बाई स्वतःच मार्ग काढते. पोळीच्या कणकेतलं मीठ जातं, ताक बिनमिठाचं होतं, आमटीला आमसूल, लिंबू, जिरं, लसूण यांची चव चढते. एकट्या पेशंटसाठी वेगळं अळणी शिजवलं की तो चार दिवस खातो आणि पाचव्या दिवशी चोरून लोणचं काढतो. सगळ्या घराचं मीठ कमी करा.

आता सगळ्यात धोक्याचा शॉर्टकट. मोबाईलवर वाचून लोक ‘लो सोडियम’ मीठ आणतात. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याच प्रमाणात पोटॅशियम क्लोराईड असतं. हार्ट फेल्युअरच्या अनेक पेशंटना स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन अशी औषधं चालू असतात आणि ती आधीच रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. त्यावर हे मीठ पडलं, आणि किडनी थोडी कमजोर असली, तर हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. सैंधवाचंही तेच विचारतात. सैंधव हे मुख्यतः नेहमीचंच मीठ आहे, उपवासाच्या खिचडीत घातलं म्हणून ते हलकं होत नाही.

उलट टोकही मी पाहते. मीठ पूर्ण बंद केलेले आजोबा जेवणच टाकतात आणि अशक्त होतात. तेही नको.

चूक तिसरी: पाण्याचा नियम शेजाऱ्याकडून घेणं

कुणी सांगतं भरपूर पाणी प्या, कुणी सांगतं लिटरभरच. सगळ्या पेशंटना सारखी मर्यादा लागत नाही. २०२५ साली नेदरलँड्समधल्या फ्रेश-अप अभ्यासात प्रकृती स्थिर असलेल्या पेशंटपैकी निम्म्यांना दीड लिटरची मर्यादा घातली आणि निम्म्यांना तहानेप्रमाणे पिऊ दिलं. मर्यादा घातलेल्यांची तब्येत त्यामुळे ठळकपणे बरी राहिली असं दिसलं नाही, तहानेचा त्रास मात्र त्यांना जास्त झाला. पण सूज आहे, रक्तात सोडियम खाली गेलंय, अशा पेशंटना डॉक्टर दीड ते दोन लिटर लिहून देतात, आणि तेव्हा ते पाळायचं असतं. त्यात चहा, ताक, सूप, पातळ वरण सगळं मोजायचं. माझी सवय अशी की सकाळी दीड लिटरची बाटली भरायची आणि कपभर चहा प्यायला की बाटलीतून कपभर पाणी झाडांना घालायचं. बाटली संपली की दिवसाचा कोटा संपला.

चूक चौथी: प्रवास आहे म्हणून लघवीची गोळी बुडवणं

एसटीत बाथरूम नाही ही अडचण खरी आहे. म्हणून गोळी गाळायची नाही, तिची वेळ बदलायची. पोहोचल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना एकदा विचारून फाईलवर लिहून घ्या.

चूक पाचवी: “उद्या बघू”

वजनाचा आकडा ओलांडला, पायाची सूज वाढली, झोपायला एक उशी पुरायची तिथे दोन-तीन लागू लागल्या, रात्री गुदमरून जाग आली, कोरडा खोकला आडवं झाल्यावरच येतोय, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी फोन करा. जुलाब-उलट्या लागल्या आणि वजन कोरड्या वजनाच्या दोनेक किलो खाली गेलं, उभं राहिल्यावर चक्कर येते, तरीही त्याच दिवशी करा. अशा वेळी लघवीची गोळी आणि काही औषधं तात्पुरती कमी करावी लागू शकतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, गुलाबी फेसाळ थुंकी, शुद्ध हरपणं, ओठ निळसर होणं किंवा अचानक असंबद्ध बोलणं, यात आमच्या फोनची वाट पाहू नका. सरळ १०८ लावा, आणि गाडी येईपर्यंत पेशंटला आडवं न करता पाठीला आधार देऊन बसतं ठेवा. शुद्ध हरपली असेल तर मात्र कुशीवर झोपवा. श्वास थांबला तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

आम्हाला फोन कराल तेव्हा “बरं वाटत नाही” एवढ्यावर थांबू नका. कोरडं वजन, आजचं आणि तीन दिवसांपूर्वीचं वजन, रात्री किती उश्या लागल्या, लघवीची गोळी कुठली आणि किती, नवीन कुठलं औषध घेतलं का, बीपीचं मशीन असेल तर आकडा, एवढं कॅलेंडरसमोर उभं राहून सांगा. डॉक्टरांना गोळी वाढवायची की पेशंटला बोलवायचं हे मग तिथल्या तिथे ठरवता येतं.