छताला ओल, ग्रुपवर आग: रागातल्या मेसेजच्या या चुका टाळा

बाथरूमच्या छताला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात. वरच्या फ्लॅटवाल्यांना जिन्यात दोनदा सांगून झालेलं असतं. मग एका रात्री साडेअकरा वाजता थेंब थेट डोक्यावर पडतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे येतं:

"402 वाले, किती वेळा सांगायचं? तुमच्या हलगर्जीपणामुळे आमचं छत सडलंय. तुम्हाला नेहमीच दुसऱ्याच्या त्रासाशी देणंघेणं नसतं. उद्या काम सुरू झालं नाही तर पोलिसात जाणार. कमिटी झोपली आहे का??"

उदाहरण रचलेलं आहे, पण कमिटीवर एखादं वर्ष काढलेल्या कुणालाही पुढचं सांगता येईल. 402 मधून उत्तर येतं, "भाषा सांभाळा." सेक्रेटरी दुखावतात, कारण फुकटात काम करून वर झोपल्याचा आरोप. तिसऱ्याच कुणाला पार्किंगचं जुनं भांडण आठवतं. सकाळपर्यंत ग्रुपवर ढीगभर मेसेज साठतात आणि त्यातल्या एकातही गळती नसते.

रागातला मेसेज उलटतो तो नेमका इथे. तक्रार खरी असली तरी तो समोरच्याला दुसरा, सोपा विषय हातात देतो. गळतीवर बोलायचं तर फरशी फोडावी लागेल, खर्च करावा लागेल. तुमच्या भाषेवर बोलायला काहीच लागत नाही. त्यात "नेहमीच" हा शब्द आला की 402 वाल्यांना मदतीचा एक प्रसंग सांगितला तरी पुरतो, तुमचं सगळंच खोटं ठरतं. पोलिसांची धमकी पोकळ असते, हे वाचणाऱ्यालाही कळतं. आणि सगळं चारचौघांत झाल्यामुळे माघार घेणं म्हणजे कमीपणा. एकट्यात "बघतो" म्हणाला असता तो माणूस ग्रुपवर म्हणणार नाही.

पाठवून झालाच असेल तर

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. बदलला तर तशी खूण दिसते, काढला तरी मेसेज काढल्याची ओळ मागे राहते, आणि स्क्रीनशॉट तर केव्हाच निघालेला असतो. म्हणून गुपचूप डिलीट करून बसू नका. काढा आणि त्याच ग्रुपवर लिहा: "मघाचा मेसेज रागात गेला, भाषा चुकली. गळतीबद्दल 402 शी थेट बोलतो." एवढंच. त्यानंतर "पण" लिहिलात की माफी संपली.

मसुदा कुठे लिहिता, यानेही फरक पडतो

ग्रुपच्याच चौकटीत टाइप करून "नंतर बघू" म्हणणं धोक्याचं. पाठवायचं बटण अंगठ्याखाली असतं आणि तुम्ही काहीतरी लिहिताय हे समोर उघडलेल्या फोनवर दिसत असतं. फोनच्या नोट्समध्ये लिहा, नाहीतर स्वतःच्याच नंबरच्या चॅटमध्ये.

तिथे हवं ते एकदा लिहून टाका, पण तेच तेच पुन्हा वाचत, धार लावत बसू नका. "बाहेर काढलं की मोकळं वाटतं" यावर आपला फार विश्वास. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगात मात्र, राग आणणाऱ्या माणसाला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग काही न करता नुसतं बसलेल्यांपेक्षा जास्त निघाला.

न पाठवलेल्या मसुद्याचं प्रसिद्ध उदाहरण अब्राहम लिंकन यांचं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईनंतर शत्रुसैन्य निसटलं म्हणून 14 जुलै 1863 रोजी त्यांनी आपले सेनापती जनरल मीड यांना कडक पत्र लिहिलं, सही न करता ठेवून दिलं आणि पाकिटावर तशी नोंद केली. गंमत म्हणजे लिंकन नाराज आहेत, एवढं सांगणाऱ्या तारेनेच मीड यांनी त्या दिवशी पद सोडायची तयारी दाखवली होती. ते पत्र गेलं असतं तर काय झालं असतं, याचा अंदाज करता येतो.

नुसतं थांबू नका, तपासा

रात्र जाऊ द्या हे ठीकच. पण थांबण्याचा खरा फायदा राग शमण्यापेक्षा माहिती मिळण्यात आहे. दुसऱ्या दिवशी ओलीवर लक्ष ठेवा. दिवसभर एकसारखं ठिबकत असेल तर पाणीपुरवठ्याच्या पाइपचा संशय. वर आंघोळी झाल्यानंतरच थेंब पडत असतील तर फरशीतल्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप किंवा फरशीचे सांधे. ओल भिंतीलगत, डक्टच्या बाजूला जास्त असेल तर कदाचित सामायिक पाइपच गळत असेल. तसं निघालं तर 402 चा काही दोषच नाही, ते काम सोसायटीचं. रात्रीच्या मेसेजमध्ये तुम्ही चुकीच्या माणसाला झोडपलेलं असतं.

अपवाद एकच: पाणी विजेच्या बोर्डाजवळ उतरत असेल तर मसुदा वगैरे विसरा. मेन स्विच बंद करा आणि वर जाऊन बेल वाजवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

सौम्य करताना होणाऱ्या दोन चुका

पहिली, टोमण्याला सौजन्याचा मुलामा. "आपल्यासारख्या सुशिक्षितांना हे सांगावं लागावं, हेच दुर्दैव" आणि खाली हात जोडलेला इमोजी. यापेक्षा सरळ शिवी कमी लागते.

दुसरी चूक सज्जनांची: "सवड मिळेल तेव्हा जरा बघाल का, त्रासाबद्दल क्षमस्व." यात काय बघायचं, कधी, काहीच नाही. सवड अर्थातच मिळत नाही, आणि तीन आठवड्यांनी तुम्ही दुप्पट चिडलेले असता. आरोप काढायचे असतात, मागणी नाही.

402 मधल्या काकांना, ग्रुपवर नव्हे तर थेट, हा मेसेज पाठवून बघा:

"नमस्कार काका, 302 मधून लिहितोय. आमच्या बाथरूमच्या छताला आठवडाभर ओल आहे, फोटो सोबत जोडलेत. सकाळी आंघोळींनंतर तासाभरात थेंब पडतात, दुपारी थांबतात. नहाणी ट्रॅपजवळ पाणी मुरत असावं असं प्लंबर म्हणतो, पण वरून बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. रविवारी सकाळी 10 वाजता त्याला घेऊन येऊ का? ती वेळ जमत नसेल तर या आठवड्यात कधी जमेल ते कळवा."

यात "हलगर्जीपणा" गेला आणि त्या जागी थेंब पडण्याची वेळ आली. तिच्याशी भांडता येत नाही. काकांना चूक कबूल करावी लागत नाही, फक्त दार उघडायचं आहे. नकार द्यायचा तरी दुसरी वेळ सांगावी लागते. खर्चाचा विषय मुद्दाम नाही. कारण सापडण्याआधी पैसे काढले की लोक प्लंबरलाच आत घेत नाहीत.

रविवार उत्तराविना गेला तर सोमवारी त्याच मेसेजची प्रत आणि फोटो जोडून सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात तारखा क्रमाने लिहा: जिन्यात कधी सांगितलं, मेसेज कधी पाठवला, कुठली वेळ विचारली. फ्लॅटच्या आतल्या नळजोडणीची गळती संबंधित सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. दोन्ही फ्लॅट बघून कारण ठरवायला कमिटीला तोच कागद लागेल.