गोधड्या टांगून घरातच स्वच्छ व्हॉइसओव्हर कसा रेकॉर्ड करावा

दहा बाय दहाची खोली, खाली टाइल्स, एका भिंतीला स्टीलचं कपाट. अशा खोलीत मोबाइलला कॉलर माइक लावून बोललं की आवाज बाथरूममधून आल्यासारखा घुमतो. यात माइक वाईट असतो असं नाही. स्वस्त कॉलर माइक बहुतेक करून चारही बाजूंचा आवाज सारखाच घेतात, त्यामुळे तोंडून निघालेल्या शब्दाच्या पाठोपाठ भिंतीवर आपटून परतलेला तोच शब्दही त्यात शिरतो. पंख्याची घरघर नंतर सॉफ्टवेअरने बरीच कमी होते, पण हे घुमणं नीट निघत नाही. त्याचा बंदोबस्त रेकॉर्डिंगच्या आधीच करावा लागतो.

आधी खोली ठरवा. प्रत्येक खोलीत मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. टाळीच्या मागे ‘टर्रर्र’ अशी बारीक शेपटी ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. गादी, पडदे आणि कपड्यांनी भरलेली खोली साधारणपणे सर्वांत बरी निघते.

मग माइक जवळ आणा. या कामाला एक पैसा लागत नाही आणि फरक मात्र सर्वांत मोठा पडतो. छातीवर लावलेला माइक ओठांपासून साधारण 30 सेंमी असतो. तो 15 सेंमीवर आणला की तुमचा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, भिंतींवरून येणारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून माइक शर्टाला लावूच नका. बंद टेबल लॅम्पच्या दांड्याला त्याची क्लिप अडकवा आणि तो ओठांच्या उंचीवर, पण तोंडाच्या थोडा बाजूला ठेवा. ‘फणस, भाकरी, पापड’ म्हणून पाहा. हवेचा ‘भप्प’ असा धक्का ऐकू आला तर माइक आणखी थोडा बाजूला सरकवा.

आता गोधड्या. पातळ चादरीने काही होत नाही. जाड गोधडी, रजई किंवा दुहेरी घडी केलेलं ब्लँकेटच हवं. कपडे वाळत घालायचा स्टँड उघडून त्यावर गोधडी टाका आणि तो तुमच्यासमोर हातभर अंतरावर उभा करा. गोधडीची वरची कड डोक्याच्या थोडी वर गेली पाहिजे. स्टँड बुटका असेल तर खाली बसून बोला. गोधडी भिंतीला चिकटवू नका, मध्ये वीतभर जागा सोडा. भिंतीलगत हवा फारशी हलत नाही आणि गोधडी आवाज खाते ती हलती हवा तिच्या धाग्यांत अडकवून. त्यामुळे तीच गोधडी थोडी पुढे टांगली की जास्त काम करते.

बरेच जण एवढ्यावर थांबतात, पण पाठीमागची भिंत राहून जाते. चारही बाजूंनी ऐकणाऱ्या माइकला तीही समोरच्या भिंतीइतकीच ऐकू येते. दोरी बांधून दुसरी गोधडी पाठीमागे टांगा, खाली सतरंजी टाका. समोर टेबल असेल तर त्यावर जाड टॉवेल पसरा, नाहीतर टेबलाच्या कडक पृष्ठभागावरून आवाज थेट माइकमध्ये उडतो.

आता एकच वाक्य तीनदा रेकॉर्ड करा: गोधडीशिवाय, फक्त समोरच्या गोधडीसह आणि दोन्हींसह. हेडफोन लावून प्रत्येक वाक्याचा शेवट ऐका. शेवटचं अक्षर तोंड मिटताच थांबलं पाहिजे. आवाज डब्यात कोंडल्यासारखा वाटला तर गोधड्या फार जवळ आल्या आहेत. त्या वरच्या पट्टीतले आवाज खातात, खर्ज मात्र तसाच उरतो. अशा वेळी त्यांना फूटभर मागे घ्या, कोपऱ्यात बसला असाल तर बाहेर या.

शेजारचा मिक्सर किंवा रस्त्यावरचा हॉर्न गोधडी अडवत नाही, त्याला जड भिंतच लागते. तेव्हा खिडकी लावा, पंखा बंद करा, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि सोसायटी शांत असेल ती वेळ धरा.

रेकॉर्डिंग शक्यतो WAV फॉरमॅटमध्ये करा. तुमचा सर्वांत मोठा शब्द रेकॉर्डिंगच्या मीटरवर -12 ते -6 डेसिबलच्या दरम्यान राहू द्या, 0 ला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला सांधता येत नाही. सुरुवातीला दहा सेकंद काहीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. Audacity या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच तुकडा निवडून Noise Reduction उघडा, Get Noise Profile दाबा. नंतर पूर्ण रेकॉर्डिंग निवडून तेच पुन्हा उघडा आणि आवाज किती कमी करायचा त्याच्या आकड्याची 6 डेसिबलपासून सुरुवात करा. जास्त ओढलं तर ‘स’ आणि ‘श’ पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडतात. तसं ऐकू येताच आकडा खाली आणा, थोडी खरखर राहिली तरी चालेल.